चार पानी तक्रारीचं एक पानी पत्र : बँकेला लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बँकेत तीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची काही वर्षं विभागीय कार्यालयाच्या तक्रार कक्षात गेली. निवृत्तीनंतर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून दोन सकाळी बसतो आणि लोकांना अर्ज लिहायला मदत करतो. येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा चार-पाच पानं असतात. मनापासून लिहिलेली आणि खरी, पण वाचून अधिकाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळणार नाही अशी. त्या वेळी जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या प्रकारच्या तक्रारी घेतल्या तर कशालाच न्याय मिळणार नाही, म्हणून एकच प्रकरण शेवटपर्यंत घेतो : गृहकर्ज पूर्ण फिटलं, पण बँक घराची मूळ कागदपत्रं परत देत नाही.

लांब पत्र बँकेत कुणी वाचतच नाही का?

वाचतात, पण तुम्हाला वाटतं तसं वाचत नाहीत. तक्रार आली की ती आधी संगणकात नोंदवावी लागते. तिथे ठरावीक रकाने असतात : खाते क्रमांक, तक्रारीचा प्रकार, थोडक्यात तपशील, ग्राहकाची मागणी. नोंद करणारा माणूस हे रकाने भरण्यापुरतंच तुमचं पत्र चाळतो. त्याला खाते क्रमांक चौथ्या पानावर सापडला आणि मागणी कुठेच सापडली नाही, तर तो अंदाजाने भरतो.

खरा घात इथेच होतो. पत्राची सुरुवात "तुमच्या कर्मचाऱ्यांनी माझा अपमान केला" अशी असेल, तर प्रकाराच्या रकान्यात 'कर्मचाऱ्यांची वागणूक' असं पडतं. मग तक्रार त्या वाटेने जाते. शाखेकडून खुलासा मागवतात, संबंधिताला समज देतात आणि तुम्हाला दिलगिरीचं पत्र येतं. संगणकात तक्रार 'निकाली' दिसते. कागदपत्रं मात्र होती तिथेच राहतात, कारण कागदपत्रांचं काम ज्या विभागाकडे आहे त्याच्यापर्यंत ती तक्रार पोहोचलेलीच नसते. अशी निकाली निघालेली कितीतरी पत्रं मी पाहिली आहेत. त्यांच्या तिसऱ्या पानावर खरी मागणी होती आणि ती कुणाच्या नजरेलाच पडली नव्हती.

मग मनातलं लिहूच नये का?

जरूर लिहा, आधी तेच लिहा. दोन दिवस घ्या, हवी तेवढी पानं लिहा. ते पत्र बँकेला द्यायचं नाही, पण फाडायचंही नाही, कारण एक पानी पत्राचा सगळा माल त्याच्यातच असतो. रागाच्या आणि दुःखाच्या वाक्यात माणूस नकळत तारीख सांगून जातो, काउंटर क्रमांक सांगून जातो, कुणी काय म्हटलं ते सांगून जातो. थंड डोक्याने लिहायला बसलं की हेच तपशील आठवत नाहीत.

त्या लांब पत्रातून काय उचलायचं, हे कसं ओळखायचं?

एका प्रकरणातून दाखवतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्या संघात येणाऱ्या एक मावशी, निवृत्त परिचारिका. फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर, कर्जही त्यांच्याच नावावर. यजमान कर्ज फिटायच्या थोडं आधी गेले. त्यांच्या चार पानी पत्रातला हा एक परिच्छेद :

"साहेब, माझ्या यजमानांनी आणि मी हाडाची काडं करून हे घर उभं केलं. शेवटचा हप्ता भरताना ते नव्हते, मी एकटीच बँकेत आले होते आणि पेन्शनच्या खात्यातली होती नव्हती ती शिल्लक तुमच्या हवाली केली. वाटलं, सुटले. त्यानंतर एकादशीच्या दिवशी उपाशीपोटी आले तर सांगितलं, पेपर मुंबईहून येतील, येऊन जा. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आले तर म्हणाले, सिस्टीममध्ये दिसत नाहीत. चौथ्या सोमवारी भर पावसात आले, अकरापासून तीनपर्यंत बाकड्यावर बसवलं आणि शेवटी एक मुलगी म्हणाली, आजी, तुम्ही येत नका जाऊ, फोन करत जा. मी काय भीक मागायला आले होते का? घर विकून मुलीकडे जायचं ठरवलंय, इसार घेऊन बसलेय, घेणारा रोज विचारतो."

मावशी म्हणाल्या, "यात कामाचं काही नाही हो, नुसतं रडगाणं आहे." मी पेन्सिल घेतली आणि त्यांच्या शेजारी कालनिर्णय उघडून बसलो. २०२५ साली आषाढ वद्य एकादशी २१ जुलैला होती. श्रावणातला दुसरा सोमवार ४ ऑगस्टला, चौथा १८ ऑगस्टला. म्हणजे तीन फेऱ्यांच्या तीन पक्क्या तारखा मिळाल्या, आणि प्रत्येक फेरीला मिळालेलं उत्तरही मिळालं : 'मुंबईहून येतील', 'सिस्टीममध्ये दिसत नाहीत', 'येऊ नका'. "पेन्शनच्या खात्यातली शिल्लक" या शब्दांवरून पासबुक काढलं. त्यात १२ जून २०२५ ला ३,८४,२६० रुपये कर्ज खात्यात गेल्याची नोंद होती. "इसार घेऊन बसलेय" यावरून इसारपावती काढली. तिच्यात ३० सप्टेंबरपर्यंत खरेदीखत करण्याची अट होती.

पेन्सिलीने तीनच खुणा करायच्या. तारीख किंवा रक्कम दिसली की तिला गोल. बँकेने काही केलं, सांगितलं किंवा करायचं टाळलं असेल त्याखाली रेघ. तुम्हाला काय हवं आहे ते जिथे लिहिलं असेल तिथे समासात फुली. मावशींच्या चार पानांत अकरा गोल झाले, सहा रेघा झाल्या आणि फुली एकही झाली नाही. कागदपत्रं परत द्या, हे वाक्य पूर्ण पत्रात कुठेच नव्हतं. ते इतकं उघड वाटत होतं की लिहायचंच राहिलं. हे बहुतेकांचं होतं. म्हणून चार पानं लिहून झाल्यावर पहिल्यांदा फुली शोधा. ती नसेल तर नव्या कागदावर आधी मागणी लिहून काढा.

मागणी कशी लिहायची? 'न्याय मिळावा' असं लिहिलं तर?

'न्याय मिळावा', 'योग्य ती कार्यवाही व्हावी', 'सहकार्य करावे' हे शब्द अधिकाऱ्याला मोकळं सोडतात. योग्य ती कार्यवाही म्हणून त्याने शाखेला एक स्मरणपत्र पाठवलं तरी तुमची मागणी पूर्ण झाली असं म्हणता येतं. मागणी अशी हवी की ती पूर्ण झाली की नाही, हे तिसऱ्या माणसालाही कागद बघून सांगता यावं. 'सोबतच्या यादीतील पाच मूळ कागदपत्रे १० सप्टेंबरपर्यंत याच शाखेत माझ्या ताब्यात द्यावीत' ही मागणी झाली.

एका पत्रात एक मुख्य मागणी ठेवा. तिच्यातूनच निघणारी दुसरी असेल, जशी इथे उशिराची भरपाई, तर ती लगेच तिच्या खाली येऊ द्या. पण त्याच पत्रात लॉकरचं भाडं, एटीएम कार्डाचे कापलेले पैसे आणि एफडीवरचा टीडीएस घालू नका. ती कामं वेगवेगळ्या टेबलांवर जातात. एकाच पत्रात घातली की चारही टेबलं एकमेकांची वाट बघत बसतात.

तयार झालेलं पत्र दाखवाल का?

मावशींनी हरतालिकेच्या दिवशी शाखेत दिलेलं पत्र हे असं होतं :

दिनांक : २६ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँक आणि शाखेचे नाव, पत्ता)

विषय : गृहकर्ज खाते क्र. (पूर्ण क्रमांक) – १२ जून २०२५ रोजी पूर्ण फेड – मूळ कागदपत्रे परत मिळणे व विलंबाची भरपाई

महोदय / महोदया,

माझी मागणी : (१) सोबतच्या यादीतील ५ मूळ कागदपत्रे १० सप्टेंबर २०२५ पर्यंत याच शाखेत मला द्यावीत आणि मालमत्तेवरील बँकेचा बोजा कमी केल्याचा पुरावा द्यावा. (२) १३ जुलै २०२५ पासून कागदपत्रे हाती येईपर्यंत रोज ५,००० रुपयांप्रमाणे भरपाई माझ्या बचत खात्यात जमा करावी. आजपर्यंतचे ४५ दिवस, रक्कम २,२५,००० रुपये.

घडलेला क्रम :
१२ जून २०२५ – ३,८४,२६० रुपये भरून कर्ज पूर्ण फेडले.
१६ जून – बँकेने कर्जाचे काही देणे उरले नसल्याचा बेबाकी दाखला दिला.
१२ जुलै – फेडीनंतरचे ३० दिवस पूर्ण. कागदपत्रे मिळाली नाहीत, विलंबाचे कारण कळवले नाही.
२१ जुलै – शाखेत समक्ष आले. 'कागद मुंबईहून येतील' असे सांगण्यात आले.
४ ऑगस्ट – शाखेत समक्ष आले. 'सिस्टीममध्ये दिसत नाहीत' असे सांगण्यात आले.
१८ ऑगस्ट – सकाळी ११ ते दुपारी ३ शाखेत थांबले. लेखी उत्तर मिळाले नाही.

आधार : रिझर्व्ह बँकेचे १३ सप्टेंबर २०२३ चे परिपत्रक – कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत, बँकेमुळे उशीर झाल्यास रोज ५,००० रुपये भरपाई.

तातडी : हा फ्लॅट विकण्याचा व्यवहार ठरला असून ३० सप्टेंबरपर्यंत खरेदीखत करायचे आहे.

कागदपत्रे सापडत नसल्यास तसे लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
(नाव, सही, मोबाइल क्रमांक, पत्ता)

सोबत : १. कागदपत्रांची यादी २. बेबाकी दाखला ३. पासबुकाचे पान ४. इसारपावती

हे सगळं एका पानात बसतं आणि समासालाही जागा राहते. समास मोकळा ठेवा, कारण अधिकारी आपला शेरा तिथेच लिहितो.

यात मावशींचं दुःख कुठेच नाही. अन्याय नाही का वाटत?

त्यांनाही वाटला होता. पत्र वाचून त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "यांचं नावसुद्धा नाही यात." मी त्यांना १८ ऑगस्टची ओळ पुन्हा वाचायला दिली. 'सकाळी ११ ते दुपारी ३ शाखेत थांबले. लेखी उत्तर मिळाले नाही.' त्या चार तासांचं वजन त्या ओळीत आहे. वाचणाऱ्याला ते कळतं आणि खोडून काढायला त्याच्याकडे काही नसतं. 'मला भिकाऱ्यासारखं वागवलं' या वाक्यावर मात्र शाखा सहज उत्तर देते : 'सदर ग्राहकास सौजन्यपूर्ण वागणूक देण्यात आली होती.' मग दोघांच्या शब्दांत शब्द अडकतो.

यजमानांचं नाव या पत्रात नव्हतं, कारण कर्जात आणि फ्लॅटमध्ये त्यांचं नाव नव्हतं. ते सहकर्जदार असते तर त्यांच्या निधनाची तारीख क्रमात पहिली आली असती, कारण तिच्यावरून कागदपत्रं कुणाच्या हाती द्यायची हे ठरलं असतं. दुःखातली गोष्ट एखाद्या कामावर परिणाम करत असेल तर ती पत्रात येते, फक्त तारीख होऊन येते. घरविक्रीची मुदतही तशीच आली आहे.

विषयाच्या ओळीत एवढं का कोंबायचं?

पुष्कळदा तीच एक ओळ संगणकात जशीच्या तशी जाते, म्हणून. 'तक्रार अर्ज' किंवा 'बँकेच्या गलथान कारभाराबाबत' असा विषय दिला तर पुढच्या टेबलावरच्या माणसाला फाइल उघडल्याशिवाय काहीच कळत नाही. खाते क्रमांक, घटनेची तारीख आणि हवी असलेली गोष्ट, हे तिन्ही विषयात आले की पत्र योग्य विभागात जाण्याची शक्यता खूप वाढते.

कागदपत्रांची यादी मी का द्यायची? बँकेकडे नाही का?

असते, पण ती नेमकी सापडेलच असं नाही. कर्ज घेताना तुम्ही मूळ कागद दिले तेव्हा बँकेने एक यादी करून तुमची सही घेतलेली असते. तिची प्रत घरात असेल तर ती सोन्यासारखी जपा. नसेल तर आठवून यादी करा, आणि नुसतं 'घराचे कागद' असं लिहू नका. नोंदणीकृत करारनाम्याचा दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय लिहा. नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, सोसायटीचं भागप्रमाणपत्र त्याच्या क्रमांकासह, बिल्डरचं ताबापत्र, असं एकेक ओळीत.

याचं कारण असं की बऱ्याच बँकांत मूळ कागद शाखेत राहत नाहीत. ते मध्यवर्ती ठिकाणी, कधी दुसऱ्या शहरातल्या गोदामात जातात आणि पाकिटाच्या क्रमांकाने तिथून मागवावे लागतात. दस्त क्रमांक हाती असला तर पाकीट शोधणं सोपं होतं. शिवाय परत मिळताना पाचऐवजी चारच कागद आले, तर ते तिथेच लक्षात येतं. मावशींच्या पाकिटात भागप्रमाणपत्र नव्हतं. ते दुसऱ्या पाकिटात होतं आणि यादी होती म्हणून त्याच आठवड्यात मिळालं.

३० दिवस नेमके कधीपासून मोजायचे? यात काय चुकतं?

कर्ज पूर्ण फिटल्याच्या दिवसापासून. आणि इथे एक चूक फार लोक करतात. शेवटचा हप्ता भरला म्हणजे कर्ज फिटलं असं धरतात. प्रत्यक्षात हप्ता भरल्यावर काही दिवसांचं व्याज, एखादं शुल्क, दीडदोनशे रुपये खात्यात उरलेले असतात. संगणकाच्या दृष्टीने ते कर्ज चालू असतं आणि कागद मागवण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही. म्हणून शेवटचे पैसे भरण्याआधी त्या दिवशीची नेमकी बंद करण्याची रक्कम लेखी घ्या, आणि भरल्यावर शून्य शिल्लक दाखवणारा उतारा किंवा बेबाकी दाखला घ्या. पत्र लिहायला बसण्याआधी ही एक गोष्ट तपासा. ती कच्ची असेल तर तुमची सगळी मोजणी बँक एका ओळीत उडवून लावू शकते.

याच फ्लॅटवर बँकेचं दुसरंही कर्ज असेल, किंवा तो दुसऱ्या कुणाच्या कर्जाला तारण असेल, तर कागद अडवण्याला बँकेकडे कारण असू शकतं. तेव्हा आधी ते लेखी विचारा.

रोज ५,००० रुपये मागणं जरा जास्त वाटत नाही का? त्यामुळे साहेब चिडले तर?

हा आकडा तुमच्या मनातला नाही. रिझर्व्ह बँकेने तो १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकात घातला आहे आणि ज्या प्रकरणांत मूळ कागद १ डिसेंबर २०२३ ला किंवा त्यानंतर परत द्यायचे होते त्यांना तो लागू आहे. तो व्यापारी बँकांप्रमाणेच सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. उशीर झाला तर त्याचं कारण कर्जदाराला कळवणं हीसुद्धा बँकेचीच जबाबदारी आहे.

मर्यादा दोन लक्षात ठेवा. भरपाई बँकेमुळे झालेल्या उशिराची आहे. तुम्हाला या म्हणून लेखी कळवलं आणि तुम्ही दोन महिने गेला नाहीत, तर ते दिवस धरता येणार नाहीत. दुसरं, हे परिपत्रक वैयक्तिक कर्जांसाठी आहे. गृहकर्ज त्यात येतं, पण दुकानासाठी किंवा कारखान्यासाठी काढलेल्या कर्जाला हाच आधार जसाच्या तसा लावू नका.

हिशेब पत्रात पूर्ण मांडा. मावशींच्या बाबतीत १३ ते ३१ जुलैचे १९ दिवस आणि ऑगस्टचे २६, असे ४५ दिवस. ४५ गुणिले ५,००० म्हणजे २,२५,०००. 'नियमाप्रमाणे भरपाई द्यावी' एवढंच लिहिलं तर हिशेब कुणीतरी कधीतरी करेल. आकडा लिहिला की अधिकाऱ्याला तो मान्य करावा लागतो, नाहीतर कुठे चुकला ते दाखवावं लागतं. चिडण्याचं म्हणाल, तर चिडवतात ते 'बघून घेईन', 'पेपरात देईन', 'पोलिसात जाईन' असे शब्द. कोर्टाची धमकी असलेलं पत्र तर पुष्कळदा विधी विभागाच्या मतासाठी पाठवतात आणि तिथे ते आठवडेच्या आठवडे पडून राहतं.

'कागद सापडत नाहीत' असं म्हणाले तर?

त्यासाठीच पत्राच्या शेवटी 'सापडत नसल्यास तसे लेखी कळवावे' ही ओळ आहे. मूळ कागद हरवले किंवा खराब झाले असतील, तर त्यांच्या दुय्यम किंवा प्रमाणित प्रती मिळवून देण्यात बँकेने मदत करायची आणि त्याचा खर्च सोसायचा, असं त्याच परिपत्रकात आहे. त्या कामासाठी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात. म्हणजे तेव्हा रोजची भरपाई एकूण ६० दिवसांनंतर मोजायची. 'तुम्हीच पोलिसात तक्रार द्या आणि दस्ताची नक्कल काढा' असं तोंडी सांगून ग्राहकाला दुय्यम निबंधक कार्यालयात पाठवलं जातं. ती धावपळ तुमची नाही.

कर्जदारच वारले असतील तर पत्र कुणी लिहायचं?

वारसांनी, आणि मृत्यूची तारीख क्रमात सगळ्यात वर घालून. कागद वारसांना परत देण्याची कार्यपद्धती बँकेने ठरवून आपल्या संकेतस्थळावर ठेवायची असते. पत्रात तिचा उल्लेख करा आणि कोणते वारस आहेत, कोण ताबा घेणार, बाकीच्यांची संमती जोडली आहे का, हे दोन ओळींत सांगा. भावाभावांतला वाद इथे लिहू नका. तो दिसला की बँक हात आखडता घेते, आणि ते एका अर्थी बरोबरही आहे.

कर्मचारी खरंच वाईट वागले. त्याची तक्रार करायचीच नाही?

करा, पण वेगळ्या पत्राने आणि कागद हाती आल्यावर. त्या पत्रात दिवस, वेळ, काउंटर आणि तोंडातले शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहा. विशेषणं नकोत. मावशींनी ते दुसरं पत्र लिहिलंच नाही. तो त्यांचा निर्णय होता.

मनस्तापाची भरपाई मागता येते का?

शाखा व्यवस्थापकाकडे मागून उपयोग नाही. त्याच्या हातात तसा अधिकार नसतो आणि त्या मागणीमुळे मुख्य मागणीही वर पाठवली जाते. ती जागा बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत गेलेला वेळ, खर्च, त्रास आणि मनस्ताप यासाठी १ लाख रुपयांपर्यंतची वेगळी तरतूद केलेली होती. तुमची ती जुनी चार पानं तिथे उपयोगी पडू शकतात, म्हणून जपून ठेवा.

पत्र मराठीत चालेल का?

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या शाखेत बेलाशक मराठीत द्या. अडचण एवढीच की कागद शोधणारं मध्यवर्ती कार्यालय चेन्नईत किंवा हैदराबादेत असू शकतं आणि शाखेतून तिकडे जाताना कुणीतरी पत्राचा सारांश स्वतःच्या शब्दांत करतं. तो सारांश तुमच्याच शब्दांत जावा म्हणून विषय आणि मागणी या दोन गोष्टी खाली इंग्रजीतही लिहा. इंदूर-बडोद्याकडच्या मराठी मंडळींनीही हेच करावं. वरच्या नमुन्यात मराठी अंक आहेत. प्रत्यक्ष पत्रात खाते क्रमांक, रकमा आणि तारखा पासबुकावर छापलेल्या अंकांतच लिहा.

हाताने लिहू की टाइप करू?

अक्षर वाचता येत असेल तर हाताने लिहिलेलं चालतं. पान मात्र एकच.

पत्र दिलं याचा पुरावा कसा ठेवायचा?

दोन प्रती न्या. एक द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची : बँकेचा शिक्का, तारीख, सही, आणि जमल्यास आवक क्रमांक. 'साहेब आल्यावर शिक्का मारतो, ठेवून जा' असं म्हणाले तर थांबा. ऐकलंच नाही तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. शिवाय बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर किंवा ईमेलवर तेच पान जोडून तक्रार क्रमांक घ्या. मजकूर दोन्हीकडे एकच हवा, एका शब्दाचाही फरक नको. मंत्री, खासदार, वर्तमानपत्र अशा दहा जणांना प्रती पाठवू नका. दहा जणांना गेलेलं पत्र दुसरा कुणीतरी बघेल असं प्रत्येकाला वाटतं.

उत्तरच आलं नाही, किंवा उडवाउडवीचं आलं तर?

बँकेला लेखी तक्रार मिळाल्यापासून ३० दिवस थांबा. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही. तक्रार cms.rbi.org.in वर करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथे पहिली अडवणूक एकाच गोष्टीवर होते : आधी बँकेकडे लेखी तक्रार केली होती का? तुमचं शिक्का मारलेलं एक पान म्हणजे त्याचं उत्तर. ते पान जोडा आणि विलंबाचा आकडा त्या दिवसापर्यंतचा करा. फार दिवस वाट पाहत बसू नका, लोकपालांकडे जायलाही मुदत असते.

मावशींना तिथवर जावं लागलं नाही. १७ सप्टेंबरला त्यांना शाखेतून फोन आला आणि त्यांनी यादी समोर ठेवून कागद ताब्यात घेतले. भरपाईबाबत बँकेचं पहिलं उत्तर होतं, 'ग्राहक कागद नेण्यासाठी वेळेत आल्या नाहीत.' त्यावर आम्ही तीन ओळींचं स्मरणपत्र दिलं : २१ जुलैला त्या शाखेत होत्या, त्या दिवशीच्या त्यांच्या पासबुकात याच शाखेतून काढलेल्या दोन हजार रुपयांची नोंद आहे, पान सोबत जोडलं आहे. तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.